दुरूदे इब्राहीमी नीट पढायचा असेल तर

माझा भाचा सेलूजवळच्या एका गावात वाढला. गावात मुसलमानांची घरं थोडी, शाळा मराठी, मशिदीत शिकवायला कायमचं कुणी नाही. बारावीनंतर तो परभणीला माझ्या कापडाच्या दुकानात बसू लागला आणि पाच वक्ताची नमाज धरायचं त्यानं मनावर घेतलं. उर्दू येत नाही, अरबी येत नाही, हातात देवनागरीत छापलेली नमाजची छोटी पुस्तिका. तिसऱ्याच दिवशी दुपारी पुस्तिका उघडी धरून त्यानं विचारलं, "मामू, दुरूद में बारीक कायकू बोलते? बारीक तो छोटा होता ना?"

प्रश्न अगदी रास्त होता. पुस्तिकेत 'बारिक' छापलेलं, आणि मराठी वाचणाऱ्याची जीभ ते 'बारीक' असंच वाचणार. त्याला समजावताना लक्षात आलं, की त्याच्यासारखी मराठी शाळेत शिकलेली पोरं आपल्या भागात पुष्कळ आहेत आणि त्यांना दुरूद कुणी मराठीतून सुटा करून दिलेला नाही. म्हणून हे लिहितो आहे. दुरूद अनेक आहेत, पण नव्यानं शिकणाऱ्यानं आधी एकच पक्का करावा, नमाजमधला दुरूदे इब्राहीमी.

पहिल्यांदा, हे बोलणं कुणाशी आहे ते ओळखा

कुरआनच्या सूरह अहजाबमधल्या 56व्या आयतीत म्हटलंय, की अल्लाह आणि त्याचे फरिश्ते नबींवर सलात पाठवतात. ईमानवाल्यांनो, तुम्हीही त्यांच्यावर सलात आणि सलाम पाठवा. ही सलात पाठवणं म्हणजेच आपल्याकडचं 'दुरूद पढणं'. दुरूद हा शब्द फारसीतून आला, अरबी शब्द सलात. नमाजलाही अरबीत सलातच म्हणतात, त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. इथे अर्थ वेगळा आहे. अल्लाहकडून सलात म्हणजे नबींवर रहमत आणि फरिश्त्यांसमोर त्यांची तारीफ. फरिश्त्यांकडून म्हणजे त्यांच्यासाठी दुआ. आणि आपल्याकडून म्हणजे अल्लाहकडे केलेली मागणी.

ही शेवटची गोष्ट नीट समजून घ्या. हुकूम आहे 'तुम्ही सलात पाठवा', आणि आपण म्हणतो, 'अल्लाहुम्म सल्लि', म्हणजे हे अल्लाह, तूच पाठव. नबींच्या योग्यतेचं देणं आपल्या हातात नाही, म्हणून ज्याच्या हातात आहे त्याच्यापुढेच आपण हात पसरतो. दुरूदे इब्राहीमी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत अल्लाहशी बोलणं आहे. माझा भाचा बरेच दिवस समजत होता, की दुरूदमध्ये आपण नबींकडे काहीतरी मागतो. 'अल्लाहुम्म'चा अर्थ कळल्यावर त्याचं पढणंच बदललं.

हे शब्द नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी स्वतः शिकवले. सही बुखारीत आहे, की सहाबी कअब बिन उजरा एकाला भेटल्यावर म्हणाले, तुला एक भेट देऊ का? आणि त्यांनी सांगितलं, की आम्ही नबींना विचारलं होतं, तुम्हाला सलाम कसा करायचा ते आम्हाला माहीत झालं, सलात कशी पाठवायची? तेव्हा नबींनी हा दुरूद सांगितला. सलाम आधी माहीत झाला होता तो अत्तहियातमधला, 'अस्सलामु अलैक अय्युहन् नबिय्यु'. म्हणून नमाजमध्ये अत्तहियातनंतर दुरूद येतो, आधी सलाम, मग सलात. हा क्रम डोक्यात बसला की कुठे काय पढायचं ते विसरत नाही.

आता शब्द, चार तुकड्यांत

अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मदिंव्-व अला आलि मुहम्मदिन,

कमा सल्लैत अला इब्राहीम व अला आलि इब्राहीम, इन्नक हमीदुम्-मजीद.

अल्लाहुम्म बारिक अला मुहम्मदिंव्-व अला आलि मुहम्मदिन,

कमा बारक्त अला इब्राहीम व अला आलि इब्राहीम, इन्नक हमीदुम्-मजीद.

अर्थ असा: हे अल्लाह, मुहम्मद आणि मुहम्मद यांच्या आलवर सलात पाठव, जशी तू इब्राहीम आणि इब्राहीम यांच्या आलवर पाठवलीस, नक्कीच तू तारीफ करण्याजोगा, बुजुर्गीवाला आहेस. पुढचे दोन तुकडे तसेच, फक्त सलातच्या जागी बरकत.

नीट बघितलं तर शिकायचं निम्मंच आहे. तिसरा आणि चौथा तुकडा हे पहिले दोनच आहेत. 'सल्लि'च्या जागी 'बारिक' आणि 'सल्लैत'च्या जागी 'बारक्त' एवढाच फरक. भाच्याला मी पहिले दोन दिवस फक्त पहिला तुकडा दिला, पुढचे दोन दिवस दुसरा जोडला आणि पाचव्या दिवशी हे दोन शब्द बदलायला सांगितले. आठवड्यात त्याचा दुरूद पाठ झाला.

'बारिक'चा आणि आपल्या 'बारीक'चा काही संबंध नाही. 'घरात बरकत आहे' असं आपण म्हणतो, त्यातली बरकत आणि हा बारिक एकाच धातूचे. बारिक म्हणजे बरकत दे. त्यातला 'रि' ऱ्हस्व आहे, दीर्घ करू नका.

'आलि'लाही नवखे फसतात. तो 'अली' नव्हे. हजरत अलींचं नाव वेगळ्या अक्षरानं सुरू होतं, 'आल' वेगळ्या. आल म्हणजे घरचे, आणि पुष्कळ उलेमांच्या मते त्यांच्या मागे चालणारेही. 'व अला अली मुहम्मद' असं घाईत पढणारे मी मोठ्या वयाचेही ऐकलेत. आधी 'अला' म्हणा, क्षणभर थांबा, मग लांब 'आ' काढून 'आलि' म्हणा. ही दोन वेगळी पावलं पडली की चूक होत नाही.

इब्राहीम अलैहिस्सलाम यांचंच नाव का? इथे मला कुरआनची एक जागा फार आवडते. सूरह हूदमध्ये फरिश्ते इब्राहीम यांच्या घरी येतात आणि त्यांच्या वृद्ध पत्नीला मुलाची, इस्हाक यांची, खुशखबर देतात. तिला नवल वाटतं. तेव्हा फरिश्ते म्हणतात, या घरच्या लोकांनो, तुमच्यावर अल्लाहची रहमत आणि बरकती आहेत, आणि 73व्या आयतीचा शेवट होतो 'इन्नहू हमीदुम्-मजीद' या शब्दांनी. दुरूद संपतो तो याच दोन नावांवर. तिथे 'तो', इथे 'तू', एवढाच बदल. त्या घराला मिळालेली रहमत आणि बरकत आपण मुहम्मद यांच्या घरासाठी मागतो, असं मी भाच्याला सांगितलं. त्यानंतर तो दुसऱ्या तुकड्यात कधी अडखळला नाही.

देवनागरी जिथे कमी पडते

पुस्तिकेवरून शिकणाऱ्यानं ही मर्यादा ओळखायलाच हवी. काही ठिकाणी देवनागरी दोन वेगळ्या अक्षरांना एकच चिन्ह देते, काही ठिकाणी आपलीच वाचायची सवय आडवी येते.

सवयीचं आधी सांगतो, कारण ते घरबसल्या सुधारता येतं. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण गिळतो. 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो. त्याच सवयीनं 'सल्लैत'चं 'सल्लैत्' आणि 'इन्नक'चं 'इन्नक्' होतं. पण अरबीत तो शेवटचा अ अर्थाचा भाग आहे. 'तू' हा अर्थ 'त' आणि 'क'वरच्या त्या अ मध्येच आहे. 'सल्-लै-त' असं म्हणा, शेवटचा त बाराखडी म्हणताना म्हणतो तसा पूर्ण. उलट दिशेलाही जाऊ नका. काही पुस्तिकांत ही चूक टाळायला 'सल्लैता' छापतात आणि मग वाचणारा 'ताऽ' ओढतो. तेही नको, लहान अ पुरे. 'अल्लाहुम्म'चा शेवटचा म आणि थांबायचं नसेल तेव्हा 'इब्राहीम'चा म, यांनाही हाच नियम. दुरूद संपवून थांबताना मात्र 'मजीद्' असा अर्धाच.

हे तपासायला मोबाइलवर आपला आवाज घ्या आणि एकट्यानं ऐका. बोलताना जे कळत नाही ते ऐकताना लगेच कळतं. भाच्याच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही जागी 'इन्नक्' होतं. दुसऱ्या दिवशी एकच उरलं.

अक्षरांचं काम मात्र कागदावर होत नाही. 'सल्लि'मधला स आपला साधा स नव्हे. तो 'साद' आहे, जिभेचा मागचा भाग वर उचलून, तोंड भरून येणारा जड स. साध्या स नं 'सल्लि' म्हटलं तर अरबीत अर्थ दिलासा देण्याकडे, मन रमवण्याकडे जातो. 'मुहम्मद' आणि 'हमीद'मधला ह घशाच्या मध्यातून घासून येतो. 'इब्राहीम'मधला ह आपल्यासारखाच हलका. देवनागरीत दोन्ही एकच. 'अला'चा अ सुद्धा घशातून येणारा 'ऐन' आहे. यासाठी मशिदीत इमामसाहेबांसमोर मगरिबनंतर दहा मिनिटं बसावं, दुसरा खरा मार्ग नाही. बायकांनी मोहल्ल्यात कुरआन शिकवणाऱ्या आपांकडे बसावं. आणि अक्षरं सुधारेपर्यंत पढणं थांबवू नका. जीभ वळायला वेळ लागतो, आणि जो अडखळत शिकतो त्याचीही मेहनत वाया जात नाही.

नमाजमध्ये कुठे पढायचा, कुठे नाही

आपल्या मराठवाड्यात बहुतेक मुसलमान हनफी आहेत, म्हणून हनफी पद्धतच सांगतो. शेवटच्या कअद्यात, म्हणजे शेवटच्या बैठकीत, अत्तहियात, मग दुरूद, मग दुआ, मग सलाम. हनफींच्या मते इथला दुरूद सुन्नते मुअक्कदा, म्हणजे ताकीद असलेली सुन्नत, आहे. माझी मोठी सून रत्नागिरीकडची, शाफई. त्यांच्याकडे शेवटच्या कअद्यातला दुरूद फर्ज आहे, आणि पहिल्या कअद्यातही थोडक्यात दुरूद पढणं सुन्नत. ती पढते, आम्ही पढत नाही, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. नवख्यानं एक पद्धत धरावी आणि शेजारच्याकडे बघून गोंधळू नये.

चूक होते ती पहिल्या कअद्यात. भाच्याचंच उदाहरण घ्या. जुहरच्या चार फर्ज तो घरी एकटा पढत होता. दोन रकातींनंतर बसला, अत्तहियात संपली आणि जीभ सवयीनं पुढे चालली: 'अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मद…' तिथे आठवलं, की उठायचं होतं. आता काय? हनफी मसला असा, की फर्ज, वित्र आणि सुन्नते मुअक्कदाच्या पहिल्या कअद्यात विसरून एवढं पढलं गेलं तर तिसऱ्या रकातीला उठायला उशीर झाला, म्हणून सजद-ए-सहू, म्हणजे चुकीच्या भरपाईचे दोन सजदे, वाजिब, करावेच लागतात. फक्त 'अल्लाहुम्म' म्हणून सावध झालात तर काही नाही. आठवताच उठून उभं राहायचं, नमाज पुढे चालू ठेवायची. शेवटच्या कअद्यात अत्तहियात पढून उजवीकडे एक सलाम, दोन सजदे, पुन्हा बसून अत्तहियात, मग दुरूद, दुआ आणि दोन्हीकडे सलाम. नमाज तोडायची गरज नाही. भाच्यानं तोडून पहिल्यापासून सुरू केली होती, दोनदा.

असर आणि इशाच्या आधीच्या चार सुन्नतींचं वेगळं आहे. त्या गैरमुअक्कदा, म्हणून त्यांच्या पहिल्या कअद्यातही दुरूद आणि दुआ पढतात, आणि तिसरी रकात सनापासून सुरू करतात.

जमातला उशिरा पोहोचलात आणि इमाम शेवटच्या कअद्यात आहेत, तुमच्या रकाती बाकी आहेत. तर तुम्ही अत्तहियातच सावकाश पढा, इतकी की इमामांच्या सलामपर्यंत ती पुरेल. दुरूद तुमच्या स्वतःच्या शेवटच्या कअद्यात.

नमाजबाहेर

नाव ऐकलं की 'सल्लल्लाहु अलैहि व सल्लम' म्हणायचं. हाही दुरूदच: अल्लाह त्यांच्यावर सलात आणि सलाम पाठवो. तिरमिजीत हदीस आहे, की ज्याच्यासमोर माझं नाव निघालं आणि त्यानं माझ्यावर दुरूद पढला नाही तो कंजूष. एका बैठकीत नाव अनेकदा आलं तर एकदा पढणं वाजिब आणि दरवेळी पढणं मुस्तहब, असं पुष्कळ हनफी उलेमा मानतात. घाईत त्याचं 'सल्लासलम' होऊ देऊ नका. सगळे शब्द म्हणायला दोन सेकंद लागतात. मराठीत लिहिताना (स.) लिहायची रीत आहे, पण मी पूर्ण लिहितो, जुन्या मुहद्दिसांनाही आखूड करणं पसंत नव्हतं. जुम्याच्या खुतब्यात नाव आलं तर मोठ्यानं म्हणायचं नाही, मनातल्या मनात. खुतबा ऐकताना गप्प राहणं आधी.

अजाननंतरचा क्रम सही मुस्लिमच्या हदीसमध्ये आलाय: मुअज्जिन म्हणतो तसं म्हणा, मग माझ्यावर दुरूद पढा, मग अल्लाहकडे माझ्यासाठी वसीला, म्हणजे जन्नतमधला खास दर्जा, मागा. त्याच हदीसमध्ये आहे, की जो एकदा दुरूद पढतो त्याच्यावर अल्लाह दहा रहमती पाठवतो. आपल्याकडे अजान झाली की लोक थेट अजानची दुआ पढतात आणि मधला दुरूद राहून जातो. दुकानात मी गल्ल्याजवळ उभा असतो तेव्हा अजान संपली की हात थांबवून आधी दुरूद, मग दुआ. अर्ध्या मिनिटाचं काम.

दुआ मागताना सुरुवातीला अल्लाहची तारीफ, मग दुरूद, मग आपली मागणी. एका माणसानं नमाजमध्ये यातलं काहीच न करता दुआ सुरू केली, तेव्हा नबी म्हणाले, यानं घाई केली, आणि हा क्रम शिकवला. शेवटीही दुरूद पढून आमीन म्हणावं.

जुम्याच्या दिवशी दुरूद जास्त पढायला अबू दाऊदच्या हदीसमध्ये सांगितलंय. इस्लामी दिवस मगरिबला सुरू होतो, म्हणून गुरुवारच्या संध्याकाळपासूनच. किती, हा प्रश्न सगळे विचारतात. त्या हदीसमध्ये 'जास्त' एवढंच आहे, आकडा नाही. मोबाइलवर फिरणारे 'इतक्या वेळा पढा, इतक्या वर्षांचे गुनाह माफ' असे मेसेज पुढे पाठवण्याआधी एखाद्या आलिमला दाखवा; जुम्याच्या असरनंतर 80 वेळा आणि 80 वर्षांची रिवायत मुहद्दिसांनी कमजोर म्हटली आहे. मी जुम्याला दुकान उघडण्याआधी तस्बीहचा एक फेरा, शंभर वेळा, पढतो. ही माझी सोय, शरीयतचा आकडा नव्हे.

दुरूद पढायला वजू असणं चांगलं, पण नमाजबाहेर ती अट नाही. मासिक पाळीत नमाज माफ असते, दुरूद मात्र बायका पढू शकतात. स्वयंपाक करताना, एसटीत, शेतात चालताना, कुठेही. शौचालयात मात्र नाही.

व्यापारी म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हनफी फिकहच्या जुन्या किताबांत लिहिलंय, की गिऱ्हाईकासमोर कापड उलगडताना मालाची वाहवा व्हावी म्हणून दुरूद पढणं मकरूह, म्हणजे नापसंत, आहे. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ हातातला तागा तसाच धरून बसलो होतो. आमच्या धंद्यात ही सवय सहज लागते.

मिलादच्या मजलिशीत किंवा खुलताबादसारख्या ठिकाणी जियारतीला गेलात तर दुरूदे ताज, दुरूदे तुनज्जीना असे लांब दुरूद ऐकाल, काही मशिदींत उभं राहून सलाम पढताना दिसतील. ते नंतरच्या बुजुर्गांचे शब्द आहेत. त्यांच्याबद्दल आपल्याकडच्या मसलकांत मतं वेगळी आहेत, आणि नव्या माणसानं त्या वादात पडू नये. दुरूदे इब्राहीमीबद्दल कुणाचंच दुमत नाही.

जनाजाची नमाज

ही जागा मुद्दाम शेवटी ठेवली, कारण इथे कुणी सांगायला नसतं. जनाजाच्या नमाजमध्ये इमामांची फक्त तकबीर ऐकू येते, बाकी सगळं मनात. पहिल्या तकबीरनंतर सना, दुसरीनंतर दुरूदे इब्राहीमी, तिसरीनंतर मय्यतसाठी दुआ, चौथीनंतर सलाम. रुकू नाही, सजदा नाही, उभ्यानं दोन-तीन मिनिटांत होते. ज्याला पाठ नाही तो दुसऱ्या तकबीरनंतर नुसता उभा राहतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतले एक वयस्कर चाचा वारले. कब्रस्तानाजवळच्या चिखलात सफा लागल्या, भाचा माझ्या उजव्या बाजूला होता. दुसरी तकबीर झाली आणि अगदी हलक्या आवाजात मला शेजारून ऐकू आलं, 'कमा सल्लैत', शेवटचा त पूर्ण. सलाम फेरल्यावर तो चप्पल हातात घेऊन तसाच पुढे गेला आणि जनाजाला खांदा लावला.